c = a/m आणि गॅरेजवाली यामिनी

टूनगॅबी उपनगरातल्या त्या गल्लीत सगळ्या घरांची गॅरेजं गाड्यांसाठी आहेत. यामिनीचं मुलांसाठी आहे. तिच्या दोन्ही गाड्या उन्हातान्हात रस्त्यावर उभ्या असतात आणि गॅरेजचा दरवाजा कमरेएवढा उघडा असतो. त्याच्या खालून आधी बुटांची रांग दिसते, मग खुर्च्यांचे पाय आणि मग तिचे ते निळे स्नीकर्स इकडून तिकडे फिरताना दिसतात. मुलं वाकून आत शिरतात. आईबापांनी आत जायचं नाही असा काही नियम नाही, पण वाकून शिरायला आपल्याला जरा लाज वाटते, आणि ते तिला पक्कं ठाऊक असणार.

मला ही बाई आवडत नव्हती. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं काही बरं बोलले तर ते किती नाइलाजाने बोलले हे कळेल.

दिसायला ती चारचौघींसारखीच. अंबरनाथची, शिकली मेकॅनिकल इंजिनियरिंग. इथे परदेशात आल्यावर तिला कुणी इंजिनियर म्हणून दारात उभं केलं नाही. मग काही दिवस एका बेकरीत पाव पॅक केले, मग शिक्षकाचा कोर्स केला आणि आता आठवड्यातले काही दिवस एका सरकारी शाळेत गणित शिकवते. उरलेल्या वेळात गॅरेज. नवरा यतिन आयटीत, म्हणजे तोही चारचौघांसारखाच. बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने. शिकवताना कच्चं गाजर खाते. मुलाने काही चुकीचं लिहिलं की गाजर थांबवून म्हणते, "छान चुकलंय!" आणि खरंच खूश होते. मुलं बिघडतील, मी म्हणायचे. चुकलं ते चुकलं, त्यात छान काय?

आमच्या घरी गणित मी शिकवत होते. स्वरदाला, माझ्या मुलीला, पाढे मी शिकवले, सिलेक्टिव्ह स्कूलच्या, म्हणजे हुशार मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळेच्या, परीक्षेची तयारी मी करून घेतली, अल्जिब्रा मीच सुरू केला. ऑफिसात मी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे घरी आल्यावर चुका शोधायची सवय होतीच. संध्याकाळी आमच्या स्कोफिल्ड्सच्या घरातल्या किचन बेंचवर आम्ही दोघी बसायचो. मी पोळ्या लाटता लाटता तिच्या वहीवर नजर टाकायची, चुकलं की लाल पेनने गोल करायची, बरोबर आलं की टिक करून म्हणायची, "पुढचं काढ."

मुलगी मोठी झाली तशी एकेक गोष्ट तिने आमच्याकडून काढून घेतली. मराठी शाळा सोडली, भरतनाट्यम सोडलं. माझ्याशी बोलताना तिची मराठी वाक्यं अर्ध्यातून इंग्रजीत जायला लागली. खोलीचं दार बंद राहायला लागलं. पण गणितासाठी ती बाहेर यायची. निदान तेवढ्यासाठी ती बेंचवर बसायची आणि मी लाटणं बाजूला ठेवायची. माझ्याजवळ तिचं एवढंच उरलं होतं, आणि तेवढं मला पुरत होतं.

इयर इलेव्हनला, म्हणजे अकरावीत, ती म्हणाली, "आई, सगळे यामिनीमावशीकडे जातात. कॅन आय?"

मावशी! माझ्या सख्ख्या बहिणीला ती व्हिडिओ कॉलवर "हाय आंटी" म्हणते, आणि ही कोण कुठली अंबरनाथची, ती मावशी. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. माझा नवरा निनाद म्हणाला, "जाऊ दे गं, तुझ्यावरचा ताण कमी होईल." मला काही ताण नव्हता. पण आमच्या ओळखीतल्या चारुतानेसुद्धा दोन्ही मुलं तिथेच पाठवली होती आणि नाही म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

आणि वरून त्या मेल. यामिनीचा एक नियम आहे: मुलांशी ती फोनवर मेसेज मेसेज खेळत नाही. अडलेल्या गणिताचा फोटो काढून ईमेल करायचा, ती ईमेलनेच उत्तर देणार, आणि प्रत्येक मेलच्या सीसीमध्ये आई नाहीतर बाप असणारच. अल्पवयीन मुलांशी खाजगीत बोलायचं नाही, शाळेचं शिस्तीचं वळण तिने गॅरेजलाही लावलंय. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे माझी मुलगी तिला काय विचारते आणि ती किती प्रेमाने सांगते, हे सगळं मला ऑफिसात बसून वाचावं लागायचं. "व्हॉट अ लव्हली क्वेश्चन, स्वरदा!" घरी मला एकही लव्हली क्वेश्चन येत नव्हता. घरी फक्त "डिनर काय आहे?" एवढंच यायचं. माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरंखुरं.

तर त्या शनिवारची गोष्ट. पुढच्या आठवड्यात स्वरदाची असेसमेंट होती. दुपारी ती आपणहून बेंचवर येऊन बसली, कारण तिच्या खोलीत ऊन येत होतं. पण बसली तर खरी. मी लगेच हात पुसले.

गणित असं होतं: y = x + c ही रेषा x² = 8y या पॅराबोलाला स्पर्श करते, तर c किती?

मी वाचलं आणि मला आतून उजळल्यासारखं झालं. हे तर माझं! आमच्या पुण्याच्या क्लासातल्या सरांनी सीईटीसाठी असली सूत्रं आम्हाला मंत्रासारखी म्हणायला लावली होती. पॅराबोलाच्या स्पर्शरेषेची अट: c बरोबर a भागिले m. एका मिनिटात एक गणित, विचार करायचा नाही, सूत्र टाकायचं आणि पुढे जायचं. इतक्या वर्षांनी झोपेत विचारलं तरी सांगेन. पेन्सिल शोधायलाही थांबले नाही, हाताला आलं ते लाल पेन घेतलं आणि तिच्या कागदाच्या कोपऱ्यात दणक्यात लिहिलं: c = a/m. आठ म्हणजे चार a, तर a दोन. रेषेचा चढ m एक. c बरोबर दोन. खाली दोन रेघा.

"बघ," मी म्हटलं. "एका ओळीत. तुझी मावशी पानभर लिहीत बसेल."

स्वरदाने पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहिलं. "मायनस टू आहे, आई."

"छपाईची चूक असेल."

"रिअली?"

"असतात अशा चुका. मायनस सुटतो कधी, नाहीतर जास्तीचा पडतो."

सोफ्यावरून निनाद म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा क्रिकेटकडे तोंड केलं. पण स्वरदा हसली नाही की भांडली नाही, आणि तेच मला झोंबलं. पूर्वी ती भांडायची. आता तिने "इट्स ओके, आई" म्हटलं, फोन उचलला, कागदाचा फोटो काढला आणि अंगठ्याने काहीतरी टाइप केलं. कोणाला पाठवतेस, हे मला विचारायची गरज नव्हती. फोटोत माझं लाल सूत्र ठळक दिसत असणार, दोन रेघांसकट.

आता खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की बरंच झालं. कळू दे तिला की या घरातही गणित येणारं माणूस आहे. यामिनीला हे सूत्र ठाऊकच नसलं तर? मेकॅनिकलवाली, बेकरीवाली, गाजरवाली. लिहील काहीतरी लांबलचक आणि शेवटी म्हणेल की हो, पुस्तकात चूक आहे. मग मी स्वरदाला काहीही बोलणार नव्हते, फक्त तिच्या पुढ्यात गरम पोळी वाढणार होते.

संध्याकाळी पेंडल हिलला भाजी घ्यायला गेले होते. दुकानात मेथीच्या जुड्यांपाशी उभी असताना मेल आली. तिथेच वाचली. मेल इंग्रजीत होती, मधेच रोमन अक्षरांत मराठी. मी आपल्या भाषेत सांगते.

"स्वरदा, उत्तर उणे दोनच आहे, पुस्तक बरोबर आहे. तुझ्या फोटोत मला दोन रस्ते दिसतायत, म्हणून दोन्ही लिहिते. दोन्ही खरे आहेत. वाचून झाल्यावर तुला कुठला आवडला ते कळव.

"पहिला रस्ता. रेषा स्पर्श करते म्हणजे पॅराबोलाला एकाच जागी भेटते. म्हणून y च्या जागी x + c घाल: x² = 8(x + c). सगळं एका बाजूला आण: x² − 8x − 8c = 0. या समीकरणाला x ची एकच किंमत हवी, म्हणजे डिस्क्रिमिनंट, आपलं ते b² − 4ac, शून्य हवा: 64 + 32c = 0. c = −2. झालं.

"दुसरा रस्ता कोपऱ्यातल्या लाल सूत्राचा. c = a/m हे सूत्र अगदी खरं आहे, पण ते y² = 4ax चं, म्हणजे उजवीकडे तोंड करून आडव्या झोपलेल्या पॅराबोलाचं. तुझा पॅराबोला उभ्या वाटीसारखा आहे. म्हणून सूत्र तसंच लावलं तर दोन येतं. Chhan chuklay! पण सूत्र टाकून देऊ नकोस. x आणि y ची अदलाबदल कर, पॅराबोला आणि रेषा दोघांचीही. दोघं एकाच आरशात पाहतात असं समज. त्यांचा एकमेकांना झालेला स्पर्श त्याने मोडत नाही. पॅराबोला झाला y² = 8x, म्हणजे आता आडवा, आणि a = 2. रेषा झाली x = y + c, म्हणजे y = x − c. हिचा चढ एक, पण हिच्यात c च्या जागी काय आहे बघ: −c. आता लाल सूत्र लाव. −c = 2/1. म्हणून c = −2. तेच उत्तर.

"हे सूत्र इथल्या शाळेत शिकवत नाहीत. ज्यांनी लिहिलंय त्यांना ते कुठून येतं हे नक्की विचार. मी सांगणार नाही, त्यांचा मान आहे."

मी जुडी खाली ठेवली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. छान चुकलंय! मला! वर्गात गणितात पहिली येणाऱ्या बाईला! आणि वरून "त्यांचा मान". सीसीमध्ये माझं नाव होतं, म्हणजे तिला पुरतं माहीत होतं की ही मेल मी वाचणार. मी मेथीच्या ढिगाऱ्यापुढे उभी राहून पुन्हा वाचली, चूक शोधायला. चुका शोधणं हाच माझा धंदा आहे. पहिला रस्ता तपासला, बरोबर. दुसरा तपासला. चढ एक, c च्या जागी उणे c. बरोबर. एक बाई म्हणाली, "एक्स्क्यूज मी, मेथी लेनी है क्या?" मी तिला वाट दिली.

मला राग नेमका कशाचा आला होता, ते घरी येताना गाडीत कळलं. तिने मला चूक ठरवलं असतं तर मी भांडले असते. तिने माझं मोडकं सूत्र उचललं, वाकवलं, आणि त्याच्याकडून बरोबर उत्तर काढून दाखवलं. माझ्या सूत्राने तिला जे करता आलं ते मला आलं नव्हतं. आणि हे सगळं माझ्या मुलीसमोर.

रविवारी सकाळी स्वरदाचा क्लास होता. एरवी मी तिला दारात सोडून परत फिरते. त्या दिवशी गाडी बंद केली, उतरले आणि तिच्या मागोमाग वाकून गॅरेजमध्ये शिरले. मुलं अजून यायची होती. एक पांढरा फळा, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात यतिनची सायकल. यामिनी फळा पुसत होती.

"ये गं मंजिरी," ती म्हणाली, जणू मी रोज येते.

मी मुद्दाम तिला 'तुम्ही' म्हटलं. इथे कोणी कोणाला तुम्ही म्हणत नाही, म्हणूनच. "तुमची मेल वाचली. ते सूत्र चुकीचं नाहीये."

"नाहीच मुळी. मी तेच लिहिलंय ना?"

"तुम्ही लिहिलंय, छान चुकलंय."

ती एकदम थांबली. डस्टर हातात तसाच. "अगं बाई, ते लाल पेन तुझं होय!" आणि मग मोठ्याने हसली, इतक्या मोठ्याने की स्वरदाने डोळे फिरवले. "मला वाटलं, निनादचं. एवढ्या जाड रेघा पुरुषच मारतात."

म्हणजे तिला माहीत नव्हतं. काल संध्याकाळपासून मी मनातल्या मनात हिच्याशी भांडत होते आणि हिच्या गावीही नव्हतं. त्याचाही मला राग आला. कुणी आपला अपमान करतंय असं वाटावं आणि त्याने तो केलेलाच नसावा, यासारखी फजिती नाही.

"अगं पण सुंदर झालं ते," ती म्हणाली. "मी किती वर्षांत ते सूत्र पाहिलं नव्हतं. इकडच्या मुलांना सगळे पॅराबोला उभे. आपल्याला सगळे आडवे. मी रात्री जेवताना यतिनला सांगत होते, आडवा पॅराबोला पाहून मला कॉलेज आठवलं." मग स्वरदाकडे वळून, "विचारलंस का आईला, कुठून येतं?"

"नॉट येट," स्वरदा म्हणाली.

"विचार. मला आता जुळवत बसावं लागेल. तुझ्या आईला येत असणार."

तिला जुळवत बसावं लागणार नव्हतं. ज्या बाईने दुसरा रस्ता अदलाबदल करून असा सहज लिहिला, तिला ते दोन मिनिटांचं काम. ती ते माझ्यासाठी राखून ठेवत होती. माझ्या घरात, माझ्या बेंचवर मला माझी जागा देत होती, आणि आयत्या बिळावरचा नागोबा म्हणून मी जिला मनातून शिव्या दिल्या ती बिळाची किल्ली मलाच परत देत होती. मला दयेची भीक नको होती. पण स्वरदा माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर खराखुरा प्रश्न होता, कितीतरी दिवसांनी माझ्यासाठी आलेला.

"येतं ना," मी म्हटलं. "घरी सांगते."

घरी येईपर्यंत मी मनात शोधत राहिले. c बरोबर a भागिले m. कुठून येतं? सरांचा आवाज आठवत होता, फळ्यावरची चौकट आठवत होती, चौकटीभोवतीची रंगीत खडूची नक्षीसुद्धा आठवत होती. त्याच्या आधीचं काहीच आठवत नव्हतं. कारण त्याच्या आधी काही सांगितलंच नव्हतं. सर म्हणाले होते, सिद्धता परीक्षेत येत नाही, सोडून द्या. आम्ही सोडून दिली. मी वर्गात पहिली होते, आणि ज्या सूत्राच्या जोरावर पहिली होते ते मला ठाऊकच नव्हतं. नुसतं पाठ होतं.

दुपारी स्वरदा बेंचवर बसली. खोलीत ऊन नव्हतं त्या दिवशी, आभाळ भरून आलं होतं. तरीही बसली. कोरा कागद पुढे ढकलला आणि म्हणाली, "ओके, सांग. का?"

मी लाल पेन उचललं. y² = 4ax लिहिलं. खाली y = mx + c लिहिलं. मग थांबले. जरा वेळाने दोन्हीच्या खाली रेघ मारली, उगाच. फ्रिज घरघरत होता.

"आई?"

"थांब जरा."

"यू डोंट नो?"

मी खोटं बोलू शकले असते. पोळ्यांचं कारण होतं, फोनचं होतं. पण समोर कागद होता आणि ते सूत्र काल मीच दणक्यात लिहिलेलं होतं. "नाही गं," मी म्हटलं. "मला पाठ आहे. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

मला वाटलं आता ती फोन उचलणार. तेवढंच उरलं होतं जायचं, तेही गेलं. पण तिने फोन उचलला नाही. माझ्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाली, "मावशीची पहिली मेथडच लावून बघू ना इथे. स्पर्श म्हणजे एकच जागा. y च्या जागी mx + c."

आणि लिहायला लागली. (mx + c)² = 4ax. कंस सोडवला, मी सांगितलं की मधलं पद विसरू नकोस. m²x² + (2mc − 4a)x + c² = 0. "आता डिस्क्रिमिनंट झिरो." (2mc − 4a)² = 4m²c². तिने उजवीकडे पाहिलं, मी डावीकडे. डावीकडचा कंस मी सोडवला, तोंडाने, ती लिहीत होती: 4m²c² − 16amc + 16a².

"आई, लुक! फोर एम स्क्वेअर सी स्क्वेअर दोन्हीकडे आहे!"

"काट त्याला."

तिने काटलं. उरलं 16a² = 16amc. तिने सोळा काटले, एक a काटला. a = mc. आणि मग, अगदी हळू, जणू पेन घसरेल म्हणून, तिने लिहिलं: c = a/m.

मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी जे मंत्रासारखं म्हणत आले ते असं चार ओळींत, माझ्या किचनमध्ये, आपल्याआपण चालत आलं. आणि आलं तेही तिच्या पहिल्याच रस्त्याने. दोन रस्ते म्हणे! दुसरा रस्ता पहिल्याच्याच पोटातून निघाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कांद्याशिवाय.

"दॅट्स सो कूल," स्वरदा म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. लहानपणी पाढा न अडखळता म्हटल्यावर व्हायचे तसे. आणि तिने फोन उचलला, कागद सरळ केला, फोटो काढला.

"कोणाला?" मी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं.

"यामिनीमावशीला."

आता मात्र माझा बांध फुटला. "सगळं तिलाच का सांगायचं गं? इथे मी बसलेय ना समोर! दोघींनी मिळून काढलं ना हे? मग पहिल्यांदा तिलाच का?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. उद्धटपणे नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की हे मला माहीत असेल. "कारण ती खूश होईल, आई," ती म्हणाली. "तू खूश नाही होत. तू टिक करतेस. यू गो, बरोबर आहे, पुढचं काढ."

 फोनने 'गेली' असा आवाज केला.

मला खूश कोण झालं होतं? पहिली आले तेव्हा सर म्हणाले होते, ठीक आहे, आता सीईटीचं बघ. बाबा म्हणाले होते, दोन मार्क कुठे गेले? कुणी गाजर थांबवून माझ्या चुकीकडे पाहिलं नव्हतं, आणि कुणी माझं लाल पेन उचलून त्याच्यातून रस्ता काढला नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं की मी यामिनीवर जळते, तिच्याकडे माझी मुलगी आहे म्हणून. त्या बेंचवर पहिल्यांदा कळलं की मी माझ्या मुलीवरही जळत होते. तिच्याकडे यामिनी होती. माझ्या सोळाव्या वर्षी माझ्याकडे कुणीच नव्हतं.

स्वरदाने पुस्तकाचं पान उलटलं. सवयीने माझ्या तोंडात "पुढचं काढ" आलंच होतं. मी ते गिळलं.

"थांब," मी म्हटलं. "मघाशी ते दोन्हीकडचं काटलंस ना, ते पुन्हा दाखव."

तिने संशयाने पाहिलं. "तुला कळलंय ना?"

"कळलंय गं. तरी दाखव."

तिने कागद पुन्हा माझ्याकडे फिरवला आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागली.